रिलीज ३.२ पुढे का गेलं, क्लायंटला काय आणि कसं कळवलं: प्रकल्प नोंदी

३ मार्च

दुरुस्ती बुकिंगच्या अ‍ॅपचं ३.२ आज प्ले स्टोअरच्या रिव्ह्यूला पाठवलं, व्हर्जन कोड ५८. यातलं मोठं काम म्हणजे चॅटमध्ये फोटो पाठवायची सोय, म्हणजे बिघडलेल्या मशीनचा फोटो गिऱ्हाईक आधीच टेक्निशियनला पाठवू शकतं. स्टोअरवर सध्या ५४ चालू आहे, त्यात चॅट फक्त मजकुराचं.

पाठवताना कन्सोलने फोटो आणि व्हिडिओच्या परवानगीचा फॉर्म समोर टाकला, भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना. आपल्या मॅनिफेस्टमध्ये आपण ती परवानगी लिहिलेलीच नाही, तरी मागतोय म्हणजे कुठल्यातरी लायब्ररीतून आलीये. जे खरं आहे तेच भरलंय, चॅटमध्ये अधूनमधून फोटो जोडण्यासाठी. परवानगी कुठून आली ते शोधायचं काम अँड्रॉइडवाल्या सहकाऱ्याकडे दिलंय.

क्लायंटच्या मार्केटिंगने ७ तारखेची जाहिरात ठरवलीये. क्लायंटकडच्या मॅडमना आजच्या अपडेटमध्ये लिहिलंय की रिव्ह्यूला सात दिवसांपर्यंत किंवा कधी त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो असं स्टोअर स्वतःच सांगतं, तेव्हा ७ तारीख पक्की धरू नका. फोनवर त्या म्हणाल्या की बघू, बहुतेक लवकर होतं.

५ मार्च, दुपार

रिजेक्ट झालं. मेल शांतपणे दोनदा वाचला. नियम आहे फोटो आणि व्हिडिओ परवानग्यांचा, आणि म्हणणं असं की या अ‍ॅपच्या मुख्य कामाला फोनमधले सगळे फोटो वाचायची गरज नाही, कधीमधी एखादा फोटो लागत असेल तर सिस्टमचा फोटो पिकर वापरा.

मला हे म्हणणं पटतं. READ_MEDIA_IMAGES ही परवानगी अँड्रॉइड १३ पासून आली, ती दिली की अ‍ॅपला फोनमधला प्रत्येक फोटो दिसतो. गॅलरीचं अ‍ॅप किंवा फोटो एडिटर असेल तर ती लागतेच. आपल्याला वॉशिंग मशीनचा एक फोटो हवाय. पिकरमध्ये फोन स्वतःच फोटो दाखवतो, माणूस एक निवडतो आणि अ‍ॅपला तेवढाच मिळतो, परवानगीचा प्रश्नच येत नाही.

सविस्तर उत्तर द्यायला अजून कारण हातात नाही, पण मॅडमना संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवणं बरोबर नाही, त्यातून ही बातमी त्यांना दुसरीकडून कळली तर फार वाईट दिसेल (कन्सोलचा अ‍ॅक्सेस त्यांच्याकडच्या एका माणसालाही आहे, मेल त्यालाही गेला असणार). म्हणून आधी फोन केला आणि लगेच हे पाठवलं:

"नमस्कार मॅडम, ३.२ च्या रिव्ह्यूमध्ये स्टोअरने फोटो परवानगीच्या नियमावर हरकत घेतली आहे, त्यामुळे हे व्हर्जन ७ तारखेच्या आत येणार नाही. सध्या स्टोअरवर असलेलं अ‍ॅप जसंच्या तसं चालू आहे, बुकिंगवर काही परिणाम नाही. नेमकं कारण आणि पुढचं वेळापत्रक उद्या दुपारी बारापर्यंत लिहून पाठवतो. तोवर ७ तारखेची जाहिरात थांबवावी अशी विनंती."

चार वाक्यं, बस. यातलं दुसरं वाक्य सगळ्यात गरजेचं, कारण रिजेक्ट हा शब्द ऐकला की समोरच्याला वाटतं अ‍ॅपच स्टोअरवरून काढून टाकलं. अपडेट रिजेक्ट होणं, अ‍ॅप काढून टाकणं आणि सस्पेंड करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अपडेट रिजेक्ट झालं तर आधीचं व्हर्जन चालूच राहतं, रेटिंग, इन्स्टॉल, आकडेवारी कशालाच धक्का लागत नाही आणि डेव्हलपर अकाउंटच्या नावावरही काही डाग येत नाही. हे स्टोअरच्या मदत पानावर स्पष्ट लिहिलंय, उद्याच्या मेलमध्ये त्याची लिंक द्यायची.

५ मार्च, संध्याकाळ

कारण सापडलं. बिल्ड होताना सगळ्या लायब्रऱ्यांचे मॅनिफेस्ट आपल्या मॅनिफेस्टमध्ये मिसळले जातात, आणि कोणती ओळ कुठून आली याचा रिपोर्ट app/build/outputs/logs मध्ये पडतो, manifest-merger-release-report.txt नावाने. त्यात शोधलं तर READ_MEDIA_IMAGES आणि READ_MEDIA_VIDEO दोन्हीसमोर ADDED from आणि पुढे चॅटच्या लायब्ररीचं नाव. फोटो पाठवता यावेत म्हणून आपण या वेळी तिचं नवीन व्हर्जन घेतलं, त्यात त्यांनी स्वतःची गॅलरी स्क्रीन दिलीये आणि त्या स्क्रीनसाठी या दोन परवानग्या.

परवानगी काढून टाकायची तर आपल्या मॅनिफेस्टमध्ये एवढंच:

```
<uses-permission
    android:name="android.permission.READ_MEDIA_IMAGES"
    tools:node="remove" />
```

व्हिडिओसाठी तशीच दुसरी. सहकारी म्हणाला की मग आज रात्रीच नवीन बिल्ड पाठवून टाकू. मी थांबवलं. ओळ काढली म्हणून त्या लायब्ररीची गॅलरी स्क्रीन थोडीच निघून जाते, ती परवानगी नसताना काय करते ते आधी बघू. स्टोअरही सांगतं की सगळं दुरुस्त झाल्याशिवाय पुन्हा पाठवू नका.

६ मार्च, सकाळ

मॅडमना जाणाऱ्या मेलवर काम. हा मेल फक्त त्या वाचणार नाहीत, त्यांचे साहेब आणि मार्केटिंगवाले दोघांनाही तो पुढे जाणार, म्हणजे माझ्याशी फोनवर न बोललेल्या माणसालाही तो एकट्याने वाचून समजला पाहिजे.

पहिला मसुदा सहकाऱ्याने लिहिला होता, माहिती सगळी बरोबर पण सुरुवातच परवानगीच्या नावापासून, मग लायब्ररी, मग मॅनिफेस्ट, आणि जाहिरातीचं काय करायचं ते शेवटून दुसऱ्या ओळीत. मॅडमना हवी तीच ओळ सगळ्यात खाली. क्रम उलटा केला. तारीख पुढे गेली हे आधी, लोकांना आत्ता काय दिसतंय ते नंतर, मग कारण, मग पुढचं.

दुसरं म्हणजे त्यात लिहिलं होतं "१२ मार्चला रिलीज होईल". ते काढलं. १२ मार्च कुठून आलं तर आपलं काम आणि रिव्ह्यूचे अंदाजाने दोन दिवस. आपलं काम आपल्या हातात आहे, रिव्ह्यू नाही, आणि दोन्ही मिळून एक तारीख दिली की रिव्ह्यू लांबला तरी क्लायंटच्या डोळ्यात आपणच दुसऱ्यांदा शब्द मोडतो. त्याऐवजी दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या, आपण कधी पाठवणार (ही तारीख पक्की) आणि पाठवल्यावर त्यांना खबर कधी कधी मिळणार (हीही पक्की). रिलीजची तारीख मंजुरी आल्यावर.

लायब्ररीचं नावही काढलं. "त्यांच्यामुळे झालं" असा सूर लागला की वाचणारा विचारतो मग तुम्ही कशाला आहात. कारण सांगायचं, बोट दाखवायचं नाही. तसंच "स्टोअरने अचानक", "दुर्दैवाने", "आमच्या नियंत्रणाबाहेर" हेही गेलं, अचानक काही झालेलं नाही, नियम आधीपासून आहे. आणि दिलगिरी एकदाच, सुरुवातीला.

११:४० ला गेलेला मेल:

"विषय: ३.२ चं रिलीज पुढे गेलं आहे: कारण, सध्याची स्थिती, पुढची पावलं

नमस्कार मॅडम,

काल फोनवर बोलल्याप्रमाणे ३.२ हे व्हर्जन ७ मार्चला येऊ शकणार नाही. तुमची जाहिरात ठरलेली असताना हे झालं, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

सध्याची स्थिती: स्टोअरवरचं आत्ताचं अ‍ॅप पूर्वीसारखंच चालू आहे. बुकिंग, पेमेंट आणि मजकुराचं चॅट यात काहीही बदल नाही. रेटिंगवर किंवा तुमच्या स्टोअर अकाउंटवर याचा परिणाम होत नाही. स्टोअरचं यासंबंधीचं पान खाली जोडलं आहे.

कारण: चॅटमध्ये फोटो पाठवण्यासाठी जो तयार भाग आपण वापरला, तो ग्राहकाच्या फोनमधले सगळे फोटो वाचायची परवानगी मागतो. ज्या अ‍ॅपला एखादाच फोटो लागतो त्याने अशी परवानगी मागू नये असा स्टोअरचा नियम आहे. सगळं कपाट उघडून देण्याऐवजी ग्राहकाने हवी ती एकच वस्तू काढून हातात द्यावी, तशी सोय फोनमध्येच असते. आपण आता ती वापरणार आहोत. तुमच्या ग्राहकांनाही यामुळे परवानगीचा प्रश्न विचारला जाणार नाही.

पुढे: बदल आणि तपासणी करून आम्ही ११ मार्चला नवीन व्हर्जन रिव्ह्यूला पाठवू. ही तारीख आमच्या हातात आहे. त्यानंतरच्या रिव्ह्यूला किती वेळ लागेल हे स्टोअर ठरवतं. काही वेळा एक-दोन दिवस, काही वेळा सात दिवस किंवा त्याहून जास्त. त्यामुळे रिलीजची तारीख मंजुरी मिळाल्यावरच सांगणं योग्य राहील. पाठवल्यानंतर रोज संध्याकाळी पाचला स्थिती कळवू, काही बदल नसला तरीही.

तुमच्याकडून एक निर्णय हवा आहे: जाहिरातीची नवी तारीख मंजुरी आल्यानंतर ठरवावी असं आम्ही सुचवतो. मंजुरी मिळाली तरी व्हर्जन आपोआप बाहेर जाणार नाही अशी व्यवस्था करतो, म्हणजे दिवस तुम्ही निवडू शकाल. हे चालेल का, एवढं कळवावं.

आपला नम्र"

७ मार्च

मॅडमचं उत्तर आलं, सूर चांगला आहे, जाहिरात थांबवलीये. दोन प्रश्न, दोन्ही रास्त.

पहिला त्यांच्या साहेबांचा. फॉर्ममध्ये जरा जोर लावून लिहिता येणार नाही का, की फोटो हा आमच्या सेवेचा मुख्य भाग आहे, अपील करा, म्हणजे बदलच करायला नको. कळवलं की अपील असतं, पण ते स्टोअरकडून समजण्यात चूक झाली असेल तर. इथे त्यांनी बरोबर ओळखलंय, फोटो न जोडताही बुकिंग पूर्ण होतं हे अ‍ॅप उघडणाऱ्या कोणालाही दिसतं. फॉर्ममध्ये वेगळं लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि आत्ता ज्या अकाउंटवर काही डाग नाही ते आपणच धोक्यात घालू. शिवाय अपीलाच्या उत्तराची वाट बघण्यापेक्षा बदल लवकर होतो.

दुसरा प्रश्न, आयफोनचं व्हर्जन तयार आहे तर ते एकटं सोडायचं का. तांत्रिक अडचण नाही, सर्व्हरला दोन्ही व्हर्जन चालतात, पण मग टेक्निशियनला काही गिऱ्हाइकांचे फोटो येणार आणि काहींचे नाही, कॉल सेंटरला "माझ्याकडे ते बटण का नाही" हेच फोन येत राहतील. दोन्ही बाजू लिहून निर्णय त्यांच्यावर सोडला. थांबायचं ठरलं.

९ मार्च

५ तारखेला थांबलो ते बरं झालं. परवानगी काढलेल्या बिल्डमध्ये लायब्ररीचं फोटोचं बटण दाबलं तर स्क्रीन उघडते आणि रिकामी. क्रॅश नाही, एरर नाही, नुसती पांढरी जागा. कारण मॅनिफेस्टमध्ये नसलेली परवानगी मागितली की सिस्टम प्रश्न न विचारताच नकार देते, आणि परवानगीशिवाय फोटोंची यादी मागितली तर अ‍ॅपने स्वतः साठवलेले फोटो तेवढे मिळतात, ते तर शून्यच. स्टोअरच्या रिव्ह्यूमधून हे पास झालं असतं बहुधा, आणि ज्या सोयीची जाहिरात तीच गिऱ्हाइकाच्या हातात बंद निघाली असती.

मग लायब्ररीचं बटण लपवलं, आपलं बटण लावलं आणि त्यामागे पिकर:

```
val pick = registerForActivityResult(PickVisualMedia()) { uri ->
    if (uri != null) copyAndSend(uri)
}
pick.launch(PickVisualMediaRequest(PickVisualMedia.ImageOnly))
```

copyAndSend असं नाव का, तर टेस्टिंगमध्ये अजून एक सापडलं. आमच्या टेस्टरने नेटवर्क बंद करून फोटो निवडला, अ‍ॅप बंद केलं, नेटवर्क चालू केलं, तर मागून होणारं अपलोड फेल. पिकरने दिलेला त्या फोटोचा हक्क कायमचा नसतो, अ‍ॅप बंद झालं किंवा फोन रीस्टार्ट झाला की जातो, आणि आपलं अपलोड रांगेत उभं राहून नेटवर्कची वाट बघतं. आता फोटो निवडल्या निवडल्या त्याची प्रत अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये घेतो आणि अपलोड तिथून. तळघरात मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला नेटवर्क नसणं हे काही दुर्मिळ नाही, त्यामुळे ही टेस्ट तिने केली याचं फार बरं वाटलं.

जुन्या फोनवर, जिथे हा पिकर मिळत नाही तिथे फायली निवडायची साधी स्क्रीन उघडते, काम होतं पण दिसायला वेगळी. हे मॅडमना आधीच कळवलंय, त्यांच्या मदत पानावरचे स्क्रीनशॉट एकाच प्रकारचे आहेत.

११ मार्च

व्हर्जन कोड ५९. पाठवण्याआधी बंडलमध्येच बघितलं, सोर्समधल्या मॅनिफेस्टवर विश्वास ठेवून उपयोग नाही हे आता कळलंय:

```
bundletool dump manifest --bundle=app-release.aab | grep READ_MEDIA
```

काही छापलं नाही, म्हणजे स्वच्छ.

अजून एक जागा होती जी सहज सुटली असती. इंटर्नल टेस्टिंगच्या ट्रॅकवर ५७ पडून होतं, त्यातही तीच चॅटची लायब्ररी. क्लायंटच्या ऑफिसातली मंडळी त्यावरच टेस्ट करतात. स्टोअर नियम तपासताना फक्त प्रॉडक्शन बघत नाही, कुठल्याही चालू ट्रॅकवर परवानगीवालं व्हर्जन असेल तर तक्रार तशीच राहते आणि माणूस डोकं धरून बसतो की आपण तर काढली. म्हणून ५९ आधी त्या ट्रॅकवर पूर्ण सोडलं, कन्सोलमध्ये ५७ चालू व्हर्जनांच्या यादीतून गेल्याची खात्री केली, मगच प्रॉडक्शन. मॅनेज्ड पब्लिशिंग चालू केलं, म्हणजे मंजुरी आली तरी आपण बटण दाबेपर्यंत बाहेर जाणार नाही.

मॅडमना: "नमस्कार मॅडम, ठरल्याप्रमाणे नवीन व्हर्जन आज दुपारी रिव्ह्यूला पाठवलं. आता निर्णय स्टोअरकडे आहे. उद्या पाचला पुन्हा कळवतो."

१२ मार्च

काही बदल नाही. तरी पाचला मेसेज पाठवला, "अजून रिव्ह्यूमध्येच आहे, स्टोअरकडून कुठलाही प्रश्न आलेला नाही". एका ओळीचा मेसेज, पण तो गेला की मॅडमना साहेबांना सांगायला काहीतरी असतं आणि आम्हाला सातला फोन येत नाही.

१४ मार्च

मंजूर झालं, सकाळीच. लगेच मार्केटिंगकडून फोन, आजच जाहिरात लावू का. त्यांना थांबायला सांगून मॅडमना लिहिलं:

"नमस्कार मॅडम, ३.२ ला मंजुरी मिळाली आहे. तुमची हरकत नसेल तर आज ते २० टक्के ग्राहकांना सोडतो आणि दोन दिवस क्रॅश आणि फोटो अपलोड यांवर लक्ष ठेवतो. सगळं ठीक असेल तर १६ तारखेला सर्वांना. कोणाला आधी मिळेल हे आपण निवडू शकत नाही, त्यामुळे जाहिरात आज लावली तर पाचपैकी चार जणांना ती सोय दिसणार नाही. जाहिरात १८ तारखेला ठेवावी असं सुचवतो, कारण सर्वांना सोडल्यावरही प्रत्येक फोनवर अपडेट लगेच पोचत नाही. मजकुरात 'अ‍ॅप अपडेट करा' ही ओळ असावी."

होकार आला. तासाभरात वीस टक्क्यांना सोडलं.

१६ मार्च

क्रॅशचं प्रमाण आधीच्या व्हर्जनइतकंच, म्हणजे ५४ चं होतं तेवढंच, अपलोड अडकलेले दिसत नाहीत. सर्वांना सोडलं आणि आयफोनचंही सोबत. मॅडमना कळवलं, १८ पक्की झाली.

bundletool ची ती ओळ आता बिल्डच्या पाइपलाइनमध्ये टाकलीये, READ_MEDIA दिसलं की बिल्ड थांबतो. नुसतं एवढंच नको म्हणून मागच्या रिलीजची परवानग्यांची पूर्ण यादी फाइलमध्ये ठेवली आणि नवीन यादी तिच्याशी ताडून बघतो, एखादी परवानगी वाढली तर कोणीतरी माणसाने ती का वाढली हे लिहून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. लायब्ररी अपडेट करणाऱ्यानेच हे लिहायचं ठरलंय. चॅट लायब्ररीच्या लोकांना विनंती पाठवलीये की गॅलरी स्क्रीन वेगळ्या मॉड्यूलमध्ये द्या, म्हणजे नको असेल त्याला परवानगी येणारच नाही. उत्तर अजून यायचंय, तोवर remove च्या दोन ओळी आणि आपलं बटण तसंच ठेवायचं.